व्हॉट्सॲपवर आलेल्या ऑर्डरी रोजच्या शीटमध्ये कशा उतरवायच्या? किराणा दुकानासाठी सोप्या भाषेत

गावातल्या किराणा दुकानाचा अर्धा धंदा आता फोनवर ठरतो. पेरणीच्या दिवसांत तर फारच. माणसं सकाळी सहाला वावरात जातात, संध्याकाळी थकून परत येतात, आणि मग रात्री आठ ते दहाच्या मध्ये दुकानदाराच्या फोनवर मेसेज पडत राहतात. "भाऊ, साखर 2 किलो ठेवजो." "पोरगा येईन सकाळी न्याले." कोणी बोलून पाठवतं, कोणी कागदावरच्या यादीचा फोटो टाकतं. सकाळी माल भरताना दुकानदार एका हाताने फोन सरकवत आणि दुसऱ्या हाताने काटा सांभाळत बसतो, आणि मधलाच एखादा मेसेज नजरेतून सुटतो.

"हे मेसेज आपोआप एका तक्त्यात येत नाहीत का?" असं बरेच दुकानदार विचारतात. येतात, पण अर्धेच आपोआप येतात. कोणता अर्धा यंत्राकडे द्यायचा आणि कोणता माणसाने स्वतः करायचा, हे कळलं की रोजचं काम सरळ होतं. ते कळलं नाही तर तक्ता दिसायला नीटनेटका असतो आणि माल चुकीचा भरला जातो.

खालचं उदाहरण असं धरू या. यवतमाळ जिल्ह्यात घाटंजीकडच्या एका गावात किराणा दुकान आहे. दुकानदाराने गिऱ्हाइकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप केला आहे आणि ऑर्डरी त्यातच येतात. फोन अँड्रॉइड आहे, आणि घरात पोराचा जुना लॅपटॉप आहे.

## एक्सपोर्ट म्हणजे नेमकं काय मिळतं

एक्सपोर्ट म्हणजे एका चॅटमधले सगळे मेसेज साध्या मजकुराच्या फाइलमध्ये बाहेर काढणं. चॅट उघडून वरच्या तीन टिंबांवर दाबा, मग `More`, मग `Export chat`. फोन विचारतो की फोटो-आवाजासह हवं की त्याशिवाय. तिथे `Without media` निवडा. मग फाइल कुठे पाठवायची ते विचारलं जातं. ड्राइव्हवर ठेवली की लॅपटॉपवर उघडता येते. आयफोनवर हीच सोय ग्रुपच्या नावावर दाबल्यावर खाली सापडते.

फाइल उघडली की साधारण असं दिसतं:

```
12/06/25, 8:14 pm - सुनीता ताई वरचा पुरा: भाऊ साखर 2 किलो
तेल 1 पाकीट
20 ची चायपत्ती
12/06/25, 8:20 pm - प्रमोद भाऊ: <Media omitted>
12/06/25, 8:31 pm - मंगला काकू: tur dal savva kilo, gul pav
12/06/25, 9:05 pm - सुनीता ताई वरचा पुरा: साखर 1च ठेवजो
12/06/25, 9:30 pm - दुकान: ऑर्डर बंद
```

ही फाइल म्हणजे वेचून आणलेला कापूस आहे. त्यात रुई आहे, सरकी आहे, काडीकचराही आहे. जिनिंगमध्ये यंत्र रुई आणि सरकी वेगळी करतं, पण कापसाची प्रत कोणती ते ग्रेडर हातात घेऊनच सांगतो. आपल्याकडेही तारीख, नाव आणि मेसेज वेगळे करणं हे यंत्राचं काम. "साखर 1च ठेवजो" म्हणजे आधीचे 2 किलो रद्द, हे ओळखणं माणसाचं.

या फाइलबद्दल काही गोष्टी आधीच माहीत हव्यात. एका वेळी एकच चॅट बाहेर निघतं. "फक्त आजचे मेसेज द्या" असं सांगता येत नाही, दरवेळी जुन्यापासून सगळं येतं. फोटो-आवाजाशिवाय काढलं तर शेवटचे 40,000 मेसेज येतात, त्यामुळे गावच्या दुकानाला ही मर्यादा बराच काळ आड येत नाही. एप्रिल 2025 मध्ये व्हॉट्सॲपने `Advanced chat privacy` नावाची सोय आणली. ती एखाद्या चॅटमध्ये चालू असेल तर त्या चॅटचं एक्सपोर्ट होत नाही. एक्सपोर्ट एकाएकी बंद झालं तर आधी ग्रुपच्या माहितीत जाऊन हे बटण पाहा.

आणखी एक बाब म्हणजे नावं. फाइलमध्ये जी नावं येतात ती ज्या फोनवरून एक्सपोर्ट केलं त्या फोनमध्ये जतन केलेली असतात. बापाच्या फोनमध्ये "सुनीता ताई वरचा पुरा" असलेली बाई पोराच्या फोनवरून काढलेल्या फाइलमध्ये "मोठी आई" होऊन येईल, आणि जिचा नंबर जतन नाही तिचा नुसता नंबर येईल. म्हणून एक्सपोर्ट रोज एकाच फोनवरून करायचं, आणि त्या फोनमध्ये गिऱ्हाइकाचं नाव जतन करताना सोबत पुरा किंवा मोहल्ला लिहायचा. गावात दोन सुनीता असतातच.

## दिवस कुठे संपतो?

शीट बनवायला बसलेल्या माणसाचा पहिला गोंधळ इथे होतो. तारीख पाहून आजच्या ऑर्डरी वेगळ्या करू, असं आधी वाटतं. पण दुकानाचा दिवस रात्री बाराला बदलत नाही. 12 तारखेच्या रात्री आलेली ऑर्डर 13 च्या सकाळी भरायची असते. 13 च्या पहाटे साडेपाचला किंवा सकाळी दहाला आलेली मात्र 14 च्या फेरीत जाते. नुसती तारीख लावून गाळलं तर निम्म्या ऑर्डरी चुकीच्या दिवशी पडतात.

यावर साधा उपाय आहे. दुकानदाराने रोज ठरल्या वेळी ग्रुपमध्ये स्वतः एक मेसेज टाकायचा: "ऑर्डर बंद". गिऱ्हाइकाला कळतं की यापुढचं उद्यावर गेलं. आणि फाइलमध्ये ती ओळ खूण म्हणून येते. दोन "ऑर्डर बंद"च्या मधे जे काही असेल ती एक फेरी. तारखेचा हिशोब लागतच नाही.

शब्द मात्र रोज अगदी तेच हवेत. "ऑर्डर बंद भाऊ", "आता बंद" असं चालणार नाही. टाकल्यावर त्यात दुरुस्तीही करायची नाही, कारण मेसेज एडिट केला की फाइलमध्ये त्याच्या पुढे `<This message was edited>` असं चिकटून येतं आणि खूण ओळखली जात नाही. खुणेचा मेसेज फोनमध्ये कुठेतरी लिहून ठेवा आणि रोज तिथूनच कॉपी करा.

## कच्च्या ओळींपासून तक्त्यापर्यंत

गूगल शीटमध्ये एक नवी फाइल करा आणि तिच्यात तीन पानं ठेवा: "कच्चं", "आजचे" आणि "भरणी".

"कच्चं" पानात आधी पूर्ण A स्तंभ निवडून `Format`, `Number`, `Plain text` करून घ्या. ही पायरी गाळू नका. गिऱ्हाइकाने वेगळ्या ओळीत नुसतं "1/2" लिहिलं असेल तर शीट त्याची तारीख करून टाकते, आणि ओळ "+" किंवा "=" ने सुरू झाली तर तिला फॉर्म्युला समजून चूक दाखवते. स्तंभ आधीच मजकुराचा केला की जे लिहिलंय ते तसंच राहतं.

मग मजकुराची फाइल उघडा, सगळं निवडून कॉपी करा आणि A2 मध्ये चिकटवा. प्रत्येक ओळ आपापल्या चौकोनात बसते. दुसऱ्या दिवशी नवी फाइल आणली की फक्त A स्तंभातलं A2 पासूनचं जुनं पूर्ण पुसून नवं चिकटवायचं. खाली जोडत गेलात तर एकच ऑर्डर दोनदा येईल, कारण फाइल दरवेळी पहिल्यापासून असते.

आता B2, C2, D2 आणि E2 मध्ये अनुक्रमे हे चार फॉर्म्युले टाका आणि शेवटच्या ओळीपर्यंत ओढा. नव्या फाइलीत ओळी वाढल्या की पुन्हा तिथपर्यंत ओढा:

```
=IFERROR(REGEXEXTRACT(A2,"^(\d+/\d+/\d+), "),B1)
=IF(REGEXMATCH(A2,"^\d+/\d+/\d+, "),IFERROR(REGEXEXTRACT(A2," - ([^:]+): "),"व्हॉट्सॲप"),C1)
=IF(REGEXMATCH(A2,"^\d+/\d+/\d+, "),IFERROR(REGEXEXTRACT(A2," - [^:]+: (.*)$"),""),A2)
=N(E1)+(TRIM(D2)="ऑर्डर बंद")
```

दिसायला अवघड असले तरी त्यांचं काम साधं आहे. पहिला ओळीच्या सुरुवातीची तारीख उचलतो. दुसरा नाव उचलतो. ते " - " आणि त्यानंतरच्या पहिल्या ":" च्या मधे असतं. तिसरा त्यापुढचा मेसेज घेतो. आणि चौथा "ऑर्डर बंद" दिसलं की फेरीचा आकडा एकने वाढवतो.

या तिन्हींत एक गोष्ट मुद्दाम सांभाळली आहे. सुनीता ताईंनी एकाच मेसेजमध्ये तीन ओळी लिहिल्या, पण फाइलमध्ये नाव फक्त पहिल्या ओळीला आहे. "तेल 1 पाकीट" या ओळीपुढे ना तारीख ना नाव. म्हणून फॉर्म्युला आधी बघतो की ओळ तारखेने सुरू होते का. होत नसेल तर वरच्या ओळीचंच नाव खाली आणतो. हे केलं नाही तर अशा ओळी निनावी राहतात आणि गाळताना उडून जातात. पहिली ओळ तेवढी भरली जाते आणि तेल-चायपत्ती राहून जाते.

कोणी ग्रुपमध्ये आलं, कोणी गेलं, अशा सूचनांच्या ओळींना नावानंतरचं ":" नसतं. त्यांच्यासमोर "व्हॉट्सॲप" असं येतं, म्हणजे पुढे त्या बाजूला काढता येतात. मात्र गिऱ्हाइकाचं नाव जतन करताना त्यात ":" वापरू नका. नाव तिथेच तुटेल.

"आजचे" पानात A2 मध्ये हा एकच फॉर्म्युला:

```
=FILTER('कच्चं'!B2:D, 'कच्चं'!E2:E=MAX('कच्चं'!E2:E)-1, 'कच्चं'!C2:C<>"व्हॉट्सॲप", TRIM('कच्चं'!D2:D)<>"ऑर्डर बंद")
```

हा शेवटच्या दोन खुणांच्या मधल्या ओळी समोर मांडतो: तारीख, नाव, मेसेज. "ऑर्डर बंद" टाकल्यानंतर कोणी काही लिहिलं असेल तर ते उद्याच्या यादीत जातं.

फॉर्म्युला बरोबर टाकूनही B स्तंभ रिकामा किंवा विचित्र दिसला तर A2 मधली ओळ नीट पाहा. फोनची भाषा मराठी असल्याने तारखेचे अंक देवनागरीत आले असतील तर `\d` ला ते ओळखता येत नाहीत. फोनची भाषा इंग्रजी करून पुन्हा एक्सपोर्ट करा. आयफोनच्या फाइलमध्ये ओळ `[12/06/25, 8:14:22 PM] नाव: ` अशी चौकटी कंसाने सुरू होते, तिथे हे फॉर्म्युले जसेच्या तसे चालणार नाहीत. आणि कोणी वेळेसाठी वेगळा फॉर्म्युला करायला गेला तर त्याला एक अडचण हमखास येते. नव्या अँड्रॉइड फाइलींमध्ये 8:14 आणि pm यांच्या मधली मोकळी जागा साधी स्पेस नसते. डोळ्याला तशीच दिसते, पण आतून वेगळं चिन्ह असतं. म्हणून वर कुठेही त्या जागेवर भिस्त ठेवलेली नाही.

## मग किलो आणि पाकीटही फॉर्म्युल्यानेच का काढू नयेत?

हा प्रश्न शिकलेली पोरं हटकून विचारतात, आणि इथे माझं मत ठाम आहे: काढू नयेत. तारीख, नाव आणि मेसेज यांची मांडणी व्हॉट्सॲप ठरवतं, म्हणून ती प्रत्येक ओळीत सारखी असते. मेसेजच्या आतली मांडणी गिऱ्हाईक ठरवतं, आणि ती रोज वेगळी असते.

मंगला काकूंचं "tur dal savva kilo, gul pav" घ्या. यात एकही आकडा नाही, तरी दुकानदाराला लगेच कळतं: तूर डाळ 1.25 किलो, गूळ 0.25 किलो. आपल्याकडे माप पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असंच बोललं जातं, आणि तेच रोमन अक्षरांत दहा तऱ्हांनी लिहिलं जातं. त्यातही "2 पाव" म्हणजे अर्धा किलो की बेकरीचे दोन पाव, हे गिऱ्हाईक कोण ते पाहूनच ठरतं. सुनीता ताईंचं "20 ची चायपत्ती" तर वजनच नाही, ते पैसे आहेत. आकडा शोधणाऱ्या फॉर्म्युल्याने तिथे 20 पाकिटं मांडली असती.

म्हणून "भरणी" पान प्रत्येक फेरीला नव्याने हाताने भरायचं. स्तंभ सहा: नाव, माल, किती, माप, मूळ मेसेज, भरलं. नियम एकच, एका ओळीत एकाच गिऱ्हाइकाचा एकच माल. वरच्या फाइलची भरणी अशी होईल:

| नाव | माल | किती | माप | मूळ मेसेज |
|---|---|---|---|---|
| सुनीता ताई वरचा पुरा | साखर | 1 | किलो | साखर 1च ठेवजो |
| सुनीता ताई वरचा पुरा | सोयाबीन तेल | 1 | पाकीट | तेल 1 पाकीट |
| सुनीता ताई वरचा पुरा | चायपत्ती | 20 | रुपये | 20 ची चायपत्ती |
| मंगला काकू | तूर डाळ | 1.25 | किलो | tur dal savva kilo, gul pav |
| मंगला काकू | गूळ | 0.25 | किलो | tur dal savva kilo, gul pav |
| प्रमोद भाऊ | साखर | 2.5 | किलो | आवाज, 8:20 |
| प्रमोद भाऊ | गूळ | 0.5 | किलो | आवाज, 8:20 |

मूळ मेसेजचा स्तंभ जागा खातो म्हणून काढून टाकावासा वाटतो. काढू नका. सकाळी गिऱ्हाईक म्हणालं की "मी तं दोन सांगितली होती", तर त्याचेच शब्द त्याच ओळीत समोर असतात आणि वाद तिथेच मिटतो.

माल आणि माप या स्तंभांना ड्रॉपडाउन लावा. `Data`, `Data validation` मध्ये मालाची यादी एकदा दिली की साखर, शक्कर आणि sakhar अशी एकाच मालाची तीन नावं तयार होत नाहीत. त्यानंतर सकाळी एकूण किती माल तोलायचा ते असं निघतं:

```
=SUMIFS(C:C, B:B, "साखर", D:D, "किलो")
```

वरच्या तक्त्यात साखर 3.5 किलो येते आणि गूळ 0.75. मापाची अट घालायलाच हवी. नाही तर चायपत्तीत 20 रुपये आणि कोणाची 2 पाकिटं मिळून 22 असा निरर्थक आकडा येईल. बेरीज कमी वाटली तर "किती" स्तंभात नजर टाका. शीट आकडा उजव्या कडेला लावते आणि मजकूर डाव्या. डाव्या कडेला चिकटलेला आकडा शीटने मजकूर धरला आहे. असं बहुधा देवनागरी अंक टाइप झाल्याने किंवा "1.25 किलो" असं माप त्याच चौकोनात लिहिल्याने होतं.

"आजचे" पानाच्या बाजूच्या स्तंभात कधीही खूण किंवा शेरा लिहू नका, हेही इथेच सांगतो. ते पान फॉर्म्युल्यावर चालतं. नवी फाइल चिकटवली की ओळी वरखाली होतात, पण तुमचे शेरे जागचे हलत नाहीत. सुनीता ताईंसमोरचं "भरलं" मंगला काकूंसमोर जाऊन बसतं. हाताने लिहायचं ते फक्त "भरणी" पानात, आणि "आजचे" मधून काही उचलायचं तर `Ctrl+Shift+V` ने नुसता मजकूर चिकटवायचा.

## बोलून पाठवलेल्या ऑर्डरींचं काय?

प्रमोद भाऊंनी आवाज पाठवला. फाइलमध्ये त्याच्या जागी `<Media omitted>` एवढंच आलं. फोटोच्या जागीही तेच येतं. गावात अशा ऑर्डरी कमी नसतात. हात मातीने भरलेले असताना टाइप कोण करणार?

या ओळी कचरा समजून उडवू नका. ती ओळ सांगते की प्रमोद भाऊंनी 8:20 ला काहीतरी पाठवलं आहे आणि ते फोनवर जाऊन ऐकायचं आहे. ऐकलं की "भरणी" मध्ये ओळ टाका आणि मूळ मेसेजच्या जागी "आवाज, 8:20" असं लिहा. अशा किती ओळी आज ऐकायच्या आहेत ते "आजचे" पानाच्या एका कोपऱ्यात मोजता येतं:

```
=COUNTIF(C2:C, "*Media omitted*")
```

दोन्ही बाजूंच्या चांदण्या आवश्यक आहेत. नुसतं `<Media omitted>` दिलं तर सुरुवातीच्या `<` चा अर्थ शीट "पेक्षा कमी" असा घेते आणि आकडा भलताच येतो.

## बदललेल्या आणि अर्धवट ऑर्डरी

फाइलमध्ये न दिसणारी सर्वात महत्त्वाची गोष्ट म्हणजे कोणी कोणत्या मेसेजला उत्तर दिलं ते. फोनवर एखादा मेसेज धरून त्याखाली "हे नको" असं लिहिलेलं स्पष्ट दिसतं. एक्सपोर्टमध्ये फक्त "हे नको" उरतं, वरचा धरलेला मेसेज येत नाही. ग्रुपमध्ये "मलेही तेवढंच" हा मेसेजही असाच. कोणाएवढं? फाइलवरून सांगता येत नाही. अंगठ्याची किंवा हृदयाची खूण केली असेल तर तीही फाइलमध्ये येत नाही.

म्हणून "हे", "ते", "तेवढंच", "कालचंच" असे शब्द असलेली ओळ दिसली की अंदाज न करता फोन उघडून पाहायचं. बाकी बदलांसाठी नियम सोपा ठेवा: त्या फेरीत त्या गिऱ्हाइकाचा त्या मालाबद्दलचा शेवटचा शब्द खरा. "आजचे" यादी वेळेच्या क्रमाने असते, त्यामुळे एका गिऱ्हाइकाची शेवटची ओळ वाचल्याशिवाय त्याचा माल "भरणी" मध्ये उतरवायचा नाही. सुनीता ताईंची साखर 8:14 ला 2 होती आणि 9:05 ला 1 झाली. वरून एकेक ओळ उतरवत गेलं तर आधी 2 लिहिलं जातं, मग 1, आणि बेरीज 3 येते.

पाठवलेला मेसेज 15 मिनिटांच्या आत बदलता येतो. तो बदललेला मजकूरच फाइलमध्ये येतो, आधीचा नाही. सगळ्यांसाठी पुसलेल्या मेसेजच्या जागी `This message was deleted` दिसतं. अशी ओळ दिसली तर गिऱ्हाइकाला विचारून घ्या, कारण ऑर्डर रद्द केली की चुकीचं टाइप झालं म्हणून पुसलं, हे त्यावरून कळत नाही.

शेवटी पडताळणी. "आजचे" मध्ये किती वेगवेगळी नावं आहेत आणि "भरणी" मध्ये किती, हे दोन आकडे जुळायला हवेत:

```
=COUNTUNIQUE('आजचे'!B2:B)
=COUNTUNIQUE('भरणी'!A2:A)
```

ज्याने नुसतं "हो जी" लिहिलं त्याचंही नाव "भरणी" मध्ये टाकायचं आणि मालाच्या जागी "काही नाही" लिहायचं. वरच्या उदाहरणात दोन्हीकडे 3 यायला हवेत. एकीकडे 3 आणि दुसरीकडे 2 आले तर कोणीतरी राहिलं आहे, आणि बहुतेक वेळा ते आवाज पाठवणारंच असतं.

## ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळं दिसतं, ते बरं आहे का?

हा आक्षेप खरा आहे. ग्रुपमधल्या प्रत्येकाला बाकीच्यांचे नंबर दिसतात. कोण काय नेतं तेही दिसतं, आणि उधारीची गोष्ट निघाली तर तीही चारचौघांत जाते. बायाबापड्यांचे नंबर गावभर झालेले घरच्यांना आवडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. म्हणून उधारी आणि पैशाचं बोलणं ग्रुपमध्ये कधीही नको. आणि ज्यांना ग्रुप नको त्यांना तसं म्हणायची मोकळीक हवी.

अशांच्या ऑर्डरी वेगवेगळ्या चॅटमध्ये येतात, आणि प्रत्येक चॅट रोज एक्सपोर्ट करणं परवडत नाही. त्यासाठी दुसरी सोय आहे. चॅटमध्ये एक मेसेज दाबून धरा, मग बाकीचे निवडा आणि कॉपी करा. दोन किंवा जास्त मेसेज एकत्र कॉपी केले की चिकटवताना प्रत्येकापुढे कंसात तारीख-वेळ आणि नंतर नाव येतं. एकच मेसेज कॉपी केला तर नुसता मजकूर येतो, नाव येत नाही. हे मेसेज "कच्चं" पानात टाकायचे नाहीत, कारण मांडणी वेगळी आहे. सरळ पाहून "भरणी" मध्ये उतरवा. फॉरवर्डचा मार्ग मात्र टाळा. गिऱ्हाइकाचा मेसेज स्वतःच्या चॅटमध्ये फॉरवर्ड केला की तो तुमच्या नावाने आणि फॉरवर्ड केल्याच्या वेळेने नोंदला जातो. कोणी पाठवला होता ते हरवतं.

एक्सपोर्टच्या फाइलमध्ये जतन नसलेले नंबर असतात आणि गावाचं बरंच बोलणं असतं. काम झालं की ती ड्राइव्हमधून आणि लॅपटॉपच्या डाउनलोडमधून पुसून टाका. शीटची लिंक फक्त दुकानातल्या माणसांना द्या. रोज नवी फाइल मिळतेच, त्यामुळे जुनी ठेवून काही साधत नाही.

## वहीच काय वाईट आहे?

रोज आठ-दहा ऑर्डरी असतील तर वही बरी. फोन पाहत पाहत लिहिण्यात जेवढा वेळ जातो त्याहून जास्त वेळ एक्सपोर्ट करून शीट उघडण्यात जाईल. नेटवर्क जात असेल किंवा लाइट रात्रीच जात असेल तर आणखीच. शीटचा फायदा तेव्हा होतो जेव्हा मेसेज इतके येतात की वर सरकवताना मधले सुटू लागतात, किंवा एकाच मालाची बेरीज करून तालुक्याहून माल आणायचा असतो.

दोन्हींचा मेळही घालता येतो, आणि माल भरणारा पोऱ्या फोन हाताळत नसेल तर तेच बरं पडतं. "भरणी" पान नावाप्रमाणे लावून छापून घ्या, किंवा छपाईची सोय नसेल तर तेवढंच कागदावर उतरवा. पोऱ्याने माल भरला की "भरलं" च्या रकान्यात पेनाने टिक करायची. दुपारी गर्दी ओसरली की त्या टिका शीटमध्ये चढवायच्या. ज्या ओळीसमोर टिक नाही तो माल एक तर संपलेला असतो, नाही तर गिऱ्हाईक न्यायला आलेलं नसतं. कोणतं ते त्याच वेळी ओळीसमोर लिहून ठेवा, कारण त्या रात्री नवी फेरी सुरू झाली की "आजचे" पानावरून त्या ओळी निघून गेलेल्या असतील.